फोटोवरून ठरवा: टाइलला धक्का न लावता सांध्यांतली बुरशी कशी काढायची

समजा, तुमच्यासमोर बाथरूमचा एक फोटो आहे. स्वतःच्या घराचा असेल, किंवा कुणीतरी पाठवून "यावर काय लावू?" असं विचारलं असेल. फोटोत शॉवरखालचा कोपरा दिसतोय. भिंतीला पांढऱ्या, करड्या शिरांच्या चकचकीत टाइल्स आहेत आणि जमिनीवर गडद करड्या, खरबरीत. भिंतीच्या खालच्या तीन ओळींतले सांधे काळे पडलेत. दोन भिंती मिळतात त्या उभ्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत. साबणाच्या कट्ट्याखाली गुलाबीसर थर आहे, आणि जमिनीजवळ एका सांध्यावर पांढरी भुकटी.

बहुतेक जण या फोटोत फक्त बुरशी बघतात आणि सगळ्यात जहाल क्लीनर शोधायला लागतात. पण बुरशी मारणं हे काम तसं सोपं आहे, त्याला पुरेल असं बरंच काही मिळतं. अवघड आहे ते तिच्या आजूबाजूचं सांभाळणं. म्हणून निर्णय उलट्या टोकाकडून घ्यायचा. आधी टाइल कशाची आहे ते ओळखायचं, मग सांधा कशाने भरलाय ते, आणि डाग कसला आहे ते सगळ्यात शेवटी. क्लीनर टाइल आणि सांधा यांतल्या जास्त नाजूक वस्तूला चालेल असाच निवडायचा.

आधी टाइल ओळखा

आपल्या फोटोतला खरा प्रश्न भिंतीचा आहे. करड्या शिरांची पांढरी टाइल म्हणजे खरा संगमरवर असू शकतो, किंवा वर संगमरवराचं चित्र छापलेली सिरॅमिक वा व्हिट्रिफाइड टाइल. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, पण क्लीनर लागल्यावर दोघांचं वागणं अगदी वेगळं असतं. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, असं कुठलंही आम्ल लागलं की त्याचा वरचा थर विरघळतो आणि तिथे निस्तेज चट्टा पडतो. हा चट्टा म्हणजे डाग नव्हे, दगडच तेवढा झिजलेला असतो. त्यामुळे तो पुसून जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. सिरॅमिकवर मात्र काचेसारखा ग्लेझचा थर असतो, त्याला व्हिनेगरने सहसा काही होत नाही.

फोटो मोठा करून शिरा नीट पाहा. छापलेल्या टाइलमध्ये ठरावीकच चित्रं असतात, त्यामुळे चार-सहा टाइल्स सोडून तीच शीर पुन्हा दिसते, कधी उलटी फिरवलेली. खऱ्या दगडाच्या दोन लाद्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. दुसरी खूण नळाच्या पाइपभोवती किंवा जाळीच्या कडेला सापडते. तिथे टाइल कापलेली असल्यामुळे तिची जाडी दिसते. रंग आणि शिरा फक्त वर असून खाली साधी पांढरट वा लालसर माती दिसली, तर ती सिरॅमिक. व्हिट्रिफाइड टाइलही बहुधा खाली एकरंगी असते. शीर मात्र जाडीतून आरपार गेली असेल तर तो बहुधा दगड.

फोटोत ही कापलेली कड नसेल तर दुसरा फोटो मागवा. बाथरूम कोरडं असताना, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. एक फोटो लांबून, एक नळाच्या कडेचा जवळून, आणि एक टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरप्या उजेडात काढलेला. तिरप्या उजेडात आधीचे निस्तेज चट्टे, ओरखडे आणि खोल गेलेले सांधे लगेच दिसतात. चौकटीत एक पांढरा कागद ठेवायला सांगा. पिवळ्या दिव्याखाली सांध्यात भरलेला पांढरा ग्राउटसुद्धा पिवळट दिसतो, आणि फोनही आपल्या मनाने रंग बदलतो. कागद खरा पांढरा दिसत असेल तरच बाकीच्या रंगांवर विसंबता येतं.

एवढ्यावरही खात्री पटत नसेल, तर जागेवर जाऊन एक चाचणी करावी लागते. दाराच्या मागे किंवा कमोडच्या पाठीमागे, कुणाला न दिसेल अशा ठिकाणी लिंबाच्या रसाचा एकच थेंब टाका, दोन मिनिटं थांबा आणि पुसा. बारीक बुडबुडे आले किंवा चमक गेली तर तो कॅल्शियमवाला दगड. या चाचणीने चट्टा कायमचा राहतो, म्हणून जागा जपून निवडा. शिल्लक राहिलेली टाइल घरात असेल तर तिच्यावरच करा. आणि फोटो पाठवणारा चाचणी करायला तयार नसेल, तर भिंत संगमरवराचीच आहे असं धरून चाला. या चुकीत फार तर थोडी मेहनत वाढते, उलट चुकीत मात्र भिंत जाते.

आपल्या फोटोत एका शिरेचा वळसा दोन जागी तसाच दिसतोय आणि नळाच्या कडेला पांढरी माती आहे. म्हणजे भिंत सिरॅमिकची. जमिनीवरची टाइलही एकसारखी करडी आहे आणि पाण्याने तिचा रंग गडद झालेला नाही, तेव्हा तीही दगड नसावी. न चमकणाऱ्या खरबरीत टाइलच्या खाचांत मात्र क्लीनर अडकून राहतो, त्यामुळे ती धुताना जास्त पाणी लागतं.

मग सांधा

टाइल आम्लाला दाद देत नाही म्हणजे व्हिनेगर चालेल, असा निष्कर्ष इथे अगदी सहज निघतो. तो चुकीचा आहे. बहुतेक ठिकाणी ग्राउट सिमेंटचा असतो आणि सिमेंटमध्येही कॅल्शियमची संयुगं असतात. आम्ल त्याचा वरचा थर खातं. पहिल्या वेळी सांधा उजळलेला दिसतो, कारण मळासकट वरचं सिमेंटच निघून गेलेलं असतं. पण आता तो अधिक खडबडीत आणि सच्छिद्र झालाय, जास्त पाणी धरून ठेवतो, आणि बुरशी आधीपेक्षा लवकर परतते. मग पुन्हा आम्ल, पुन्हा झीज. काही महिन्यांनी सांधा टाइलच्या पातळीखाली गेलेला दिसतो तो यामुळेच. म्हणून बुरशीसाठी आम्ल कुठल्याच टाइलवर वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटोत सांधा मॅट आणि किंचित दाणेदार दिसत असेल तर तो सिमेंटचा. प्लॅस्टिकसारखी हलकी चमक असेल आणि पाण्याचा थेंब वर तसाच राहत असेल तर तो इपॉक्सी असू शकतो. इपॉक्सीत बुरशी आत शिरत नाही, वरच्या साबणाच्या थरावरच वाढते, त्यामुळे तिथे डिश सोप आणि ब्रश बहुधा पुरतो.

दोन भिंतींच्या कोपऱ्यातली रबरासारखी पट्टी म्हणजे ग्राउट नव्हे, सिलिकॉन. नखाने दाबली तर ती दबते. इथे ही ओळख महत्त्वाची आहे, कारण सिलिकॉनमध्ये किंवा त्याच्यामागे शिरलेली बुरशी घासून निघत नाही. तिच्यावर दहादा ब्रश मारून शेजारच्या टाइलला ओरखडे पाडण्यापेक्षा पट्टी बदलणं बरं.

डाग खरंच बुरशीचा आहे का

फोटोतली पांढरी भुकटी बुरशी नाही. ते क्षार आहेत. पाणी सिमेंटमधून बाहेर येताना क्षार सोबत आणतं आणि सुकताना ते पृष्ठभागावर सोडून जातं. ओलं बोट फिरवलं की ती नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि वाळल्यावर पुन्हा उगवते. बुरशी ओली झाली तरी दिसत राहते. क्षारांवर ब्लीच ओतण्याचा काही उपयोग नाही. ते कोरड्या ब्रशने झाडा आणि पाणी कुठून येतंय ते बघा.

साबणाच्या कट्ट्याखालचा गुलाबी थर बहुधा जिवाणूंचा असतो. ते साबण आणि अंगाच्या मळावर जगतात आणि डिश सोप लावून घासलं की सहज निघतात. राहिले काळे डाग. ते बुरशीचे की नुसत्या मळाचे, हे तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकून बऱ्यापैकी कळतं. बुरशी असेल तर फेस येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत काळेपणा फिकट होऊ लागतो. काहीच बदल झाला नाही तर तो मळ, लोखंडाचा गंज किंवा रंगाचा डाग असण्याची शक्यता जास्त.

बुरशी कुठे वाढलीय, हेही फोटोत वाचता येतं. खालच्या ओळींत असेल तर तिथे पाणी आणि साबण साचतोय. छताजवळ आणि भिंतीच्या वरच्या भागात असेल तर वाफ बाहेर जात नाहीये. आणि जिथे पाणी उडतच नाही अशा कोरड्या भिंतीवर एकच ठिगळ उमटलं असेल, तर भिंतीच्या आत गळती आहे का ते आधी तपासा. असल्या ठिगळावर क्लीनर वापरणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे.

क्लीनर कोणता

मला क्रम असा योग्य वाटतो: आधी डिश सोप, मग पेरॉक्साइड, मग ऑक्सिजन ब्लीच, आणि अगदीच गरज पडली तर क्लोरीन ब्लीच. एका पायरीने काम झालं की पुढची घ्यायची नाही.

डिश सोपची पायरी अनेकांना फालतू वाटते, पण तिच्याशिवाय पुढच्या पायऱ्या निम्म्या वाया जातात. सांध्यावर साबणाचा आणि तेलकट मळाचा थर असतो. तो असेपर्यंत कुठलंच द्रव आतल्या बुरशीपर्यंत पोचत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड तीन टक्क्यांचाच घ्या, जखमेवर लावायला मिळतो तोच. तो आम्ल वा क्लोरीन न वापरता बुरशीचा रंग आणि जीव दोन्ही घालवतो, आणि शेवटी उरतं फक्त पाणी आणि ऑक्सिजन. हलक्या रंगाच्या संगमरवरालाही तो साधारणपणे चालतो. गडद दगडाचा आणि रंगीत ग्राउटचा रंग मात्र फिकट होऊ शकतो, तिथे आधी कोपऱ्यात करून बघा. उजेडात त्याची शक्ती जाते, म्हणून तपकिरी बाटलीतच ठेवा.

ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पूड. लेबलवर हेच नाव आहे ना ते पाहा. एक टेबलस्पून पूड अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून लगेच वापरायची. उरलेलं ओतून द्या. बंद बाटलीत ठेवलं तर वायू साठून बाटली फुटू शकते. खरबरीत जमिनीवर, जिथे द्रव सांध्यात साचून राहू शकतं, तिथे हा फार चांगलं काम करतो.

क्लोरीन ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, झटपट पांढरं करतं म्हणून लोकप्रिय आहे. पण सच्छिद्र सिमेंटमध्ये त्याचा परिणाम वरवरच राहतो. रंग जातो, आत काही उरतं आणि परत वाढतं. वापरायचंच असेल तर फक्त सिरॅमिक टाइल आणि पांढऱ्या ग्राउटवर, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग गार पाणी या प्रमाणात. दहा मिनिटांत धुवून टाका आणि स्टीलच्या नळावर उडू देऊ नका. खऱ्या दगडावर टाळा.

आता सर्वात महत्त्वाचं. क्लोरीन ब्लीच कुठल्याही आम्लात, म्हणजे व्हिनेगरमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळलं तरी विषारी वायू निघतात. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. काल टॉयलेट क्लीनर वापरलं असेल आणि आज ब्लीच वापरायचं असेल, तर आधी भरपूर पाण्याने सगळं धुवून घ्या. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एका बाटलीत एकत्र करू नका, त्यातून डोळ्यांना आणि फुप्फुसांना जाळणारं आम्ल तयार होतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची युक्ती बरीच फिरते. फेस दिसतो खरा, पण दोघंही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती जवळजवळ खारं पाणी उरतं. नुसता सोडा थोड्या पाण्यात कालवून सिरॅमिकवर घासायला चालतो. पॉलिश केलेल्या संगमरवरावर मात्र कुठलीच पूड घासू नका.

प्रत्यक्ष काम, आपल्या फोटोवर

खिडकी उघडा, पंखा लावा, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला. कोरड्या बुरशीवर ब्रश मारू नका, तिचे बीजाणू हवेत उडतात. आधी पाण्याने हलकं भिजवा. मग कोमट पाण्यात डिश सोपचे काही थेंब घालून मऊ ब्रशने खालच्या तीन ओळी आणि साबणाचा कट्टा धुवा. गुलाबी थर बहुतेक इथेच निघून जाईल. स्वच्छ पाण्याने धुवून सांधे कापडाने टिपून घ्या. ओला सांधा पुढचं द्रव पातळ करतो.

आता पेरॉक्साइड. भिंत उभी असल्याने फवारलेलं द्रव खाली ओघळतं आणि सांध्याला पुरेसा वेळ मिळत नाही. त्यासाठी टिश्यू पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या पेरॉक्साइडमध्ये भिजवून काळ्या सांध्यांवर चिकटवा आणि पंधरा मिनिटं राहू द्या. वाळायला लागल्या तर पुन्हा थोडं शिंपडा. मग पट्ट्या काढून जुन्या टूथब्रशने किंवा नायलॉनच्या अरुंद ब्रशने सांध्याच्या दिशेनेच घासा, आडवं नाही. तारेचा ब्रश आणि स्टीलची घासणी नकोच. त्यांनी ग्लेझवर ओरखडे पडतात, आणि सुटलेले लोखंडाचे कण मागाहून गंजाचे डाग देतात.

धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि मगच निकाल ठरवा. ओला सांधा नेहमीच गडद दिसतो आणि त्यामुळे लोक गरज नसताना दुसरा हात मारतात. दुसऱ्या दिवशी, पहिल्यासारख्याच उजेडात पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. काळेपणा निम्म्याहून जास्त गेला असेल तर पेरॉक्साइडचाच आणखी एक हात पुरेल. फारसा फरक नसेल तर त्या ठरावीक सांध्यांवर ऑक्सिजन ब्लीच. जमिनीच्या सांध्यांवर ते ओतून वीस मिनिटं ठेवा, घासा आणि दोनदा धुवा.

घासताना सांध्यातून वाळू निघायला लागली तर लगेच थांबा. लाकडी काडीने हळूच खरवडून पाहा. सहज भुगा पडत असेल तर ग्राउटची ताकद संपलीय. तेवढा भाग काढून नव्याने भरावा लागेल, कुठलंही क्लीनर तो वाचवू शकत नाही. टाइलवर बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर शेजारच्यांपेक्षा पोकळ आवाज आला, तर तिच्यामागे जागा रिकामी आहे आणि तिथे पाणी साचत असू शकतं. आपल्या फोटोत क्षार ज्या सांध्यावर आलेत तिथे ही तपासणी नक्की करा.

उभ्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर भिजवलेल्या पट्ट्यांचा एकदा प्रयोग करायला हरकत नाही. ठिपके तसेच राहिले तर पट्टी धारदार पात्याने कापून काढा, पातं टाइलवर आडवं धरून, टोक रुतवून नाही. मागची जागा स्वच्छ करून पूर्ण वाळवा आणि बुरशीरोधक सिलिकॉन भरा. टाइल संगमरवराची असती तर न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन घ्यावं लागलं असतं. ज्याला भरताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते सुकताना आम्ल सोडतं. भरल्यावर किमान चोवीस तास, किंवा पाकिटावर लिहिलं असेल तितका वेळ, शॉवर बंद.

सिमेंटचे सांधे साफ होऊन एक-दोन दिवस नीट वाळले की त्यांवर पाण्याचा थेंब टाका. तो शोषला जाऊन डाग गडद झाला तर ग्राउट सीलर लावा. आत ओल असताना सीलर लावला तर ती आतच कोंडली जाते, त्यामुळे घाई नको. टाइलवर सांडलेला सीलर सुकायच्या आत पुसा, नाहीतर चकचकीत टाइलवर ढगाळ थर बसतो.

यानंतर रोज अंघोळ झाल्यावर वायपरने भिंतीवरचं पाणी ओढून घ्या आणि अर्धा तास पंखा किंवा खिडकी चालू ठेवा. महिन्याभराने त्याच जागेवरून, त्याच उजेडात फोटो काढा. खालच्या ओळींत हलके ठिपके आले असतील तर तेवढ्यापुरती पेरॉक्साइडची पट्टी पुरे. क्षारांची भुकटी त्याच सांध्यावर परत आली असेल, तर साफसफाई थांबवा आणि प्लंबरला बोलवून तो सांधा आणि त्यामागचा पाइप दाखवा.